सिम्पसनचा विरोधाभास

प्रत्येक उपगटात दिसणारा कल सर्व गट एकत्र करताच उलटतो, या सांख्यिकीय घटनेला एडवर्ड सिम्पसन यांच्या 1951 च्या निबंधावरून हे नाव मिळाले, जरी यूल यांनी ती 1903 मध्येच दाखवली होती. विक्री-संकेतस्थळाच्या डॅशबोर्डवर ती रूपांतरण दरात, म्हणजे भेटींपैकी खरेदीत परिणत होणाऱ्यांच्या प्रमाणात, आढळते. समजा, पहिल्या महिन्यात मोबाइलवरील 8,000 भेटींतून 160 (2%) आणि संगणकावरील 2,000 भेटींतून 200 (10%) खरेदी झाल्या, तर एकूण दर 3.6% येतो; दुसऱ्या महिन्यात दोहोंच्या प्रत्येकी 5,000 भेटींतून अनुक्रमे 90 (1.8%) आणि 450 (9%) खरेदी झाल्या, तर दोन्ही दर घसरूनही एकूण दर 5.4% होतो. कारण एकूण दर ही भारित सरासरी असून येथे भार जास्त दराच्या गटाकडे सरकला आहे. पहिल्या महिन्याचे भार (80 व 20%) कायम ठेवल्यास दुसऱ्या महिन्याचा दर 3.24% निघतो आणि घसरण उघड होते. मात्र ही दुरुस्ती सरसकट लागू पडत नाही: संगणकावरील ग्राहक जाहिरातीनेच मुद्दाम आणले असतील, तर गटांचे बदललेले प्रमाण हाच त्या जाहिरातीचा परिणाम ठरतो आणि तो वगळणे चुकीचे ठरेल; कोणता आकडा ग्राह्य, हे कार्यकारणाच्या माहितीवरून ठरते, केवळ कोष्टकावरून नव्हे.