आर्थिक आदेश परिमाण

ज्या खरेदी-परिमाणास आदेश खर्च व साठवणूक खर्च यांची वार्षिक बेरीज किमान होते, त्यास आर्थिक आदेश परिमाण म्हणतात. फोर्ड हॅरिस यांनी १९१३ मध्ये ते मांडले.

उदाहरण

कारखान्यास वर्षाला ३,६०० बेअरिंग लागतात. प्रत्येक आदेशास २०० रुपये, तर एक नग वर्षभर साठविण्यास १६ रुपये खर्च येतो.

√(२ × ३,६०० × २०० ÷ १६) = √९०,००० = ३०० नग

वर्षात १२ आदेशांचा खर्च २,४०० रुपये होतो. सरासरी साठा १५० नग असल्याने साठवणूक खर्चही २,४०० रुपयेच येतो. ही समानता हाच उत्तराचा पडताळा होय.

पुनर्आदेश पातळी

वर्षात कामाचे ३०० दिवस धरल्यास रोजचा वापर १२ नग होतो. माल येण्यास कामाचे ५ दिवस लागत असल्यास साठा ६० नगांवर येताच आदेश द्यावा. वापर किंवा पुरवठा अनिश्चित असल्यास त्यात सुरक्षा साठा मिळवावा.