घरकुल

घोडेगावच्या पंचायत समितीत कानावर पडणारा प्रश्न एकच असतो: ‘आमचं घरकुल आलं का?’ पडद्यावर मात्र PMAY-G अशी अक्षरं असतात.

संस्कृत ‘गृह’, प्राकृतात ‘घर’. त्याचं लहान, लाडकं रूप घरकुल. पोरं भातुकलीत मांडतात, तेही घरकुलच. ‘आवास’मधला ‘वस्’ धातू आपल्या ‘वस्ती’तही आहे, तरी आंबेगाव-जुन्नरच्या डोंगरपट्ट्यात कुणी ‘आवास बांधला’ म्हणत नाही.

1985 ची इंदिरा आवास कार्यालयात ‘आयएवाय’ झाली, 2016 ची प्रधानमंत्री आवास ‘पीएमएवाय’. फायलीला ही आद्याक्षरं सोयीची. पण त्यांत घर कुठंच ऐकू येत नाही. शेवटच्या ‘जी’तला ग्रामीणही हरवतो.

राज्याचं ‘शबरी आदिवासी घरकुल योजना’ हे नाव मला सर्वांत नेमकं वाटतं. कुणासाठी आणि काय, दोन्ही त्यात आहे. शिवाय आखूड करायला आद्याक्षरं लागत नाहीत. साहेब आणि लाभार्थी दोघंही नुसतं ‘शबरी’ म्हणतात. तोट्याची बाजू एवढीच, की गावात सगळ्याच योजना ‘घरकुल’ होतात, आणि यादी कोणती हे विचारावंच लागतं.

आता तर घरकुल ‘मंजूर होतं’, त्याचा ‘हप्ता पडतो’. भातुकलीतला शब्द 25 चौरस मीटरांचा झाला आहे.