परदेशी पार्सलचा माग (भारतात आल्यानंतरचा)

परदेशातून टपालाने निघालेले पार्सल भारतात पोचते आणि पाठवणाऱ्या देशाच्या संकेतस्थळावरची नोंद तिथेच थांबते. बहुतेक वेळा पार्सल हरवलेले नसते. ते आता भारतीय टपाल खात्याच्या ताब्यात असते, आणि पहिल्या देशाच्या पडद्यावर या खात्याने कळवलेले तेवढेच दिसते.

ब्रिटनहून कराडजवळच्या मलकापूरला निघालेले पार्सल घेऊ. त्याच्यावर RR123456785GB अशा घडणीचा तेरा चिन्हांचा क्रमांक असतो. शेवटची GB ही अक्षरे पाठवणारा देश सांगतात. त्याआधीचा अंक तपासणीचा असतो. आधीचे आठ अंक टिपताना एखादा चुकला, तर तो सहसा जुळत नाही. हाच क्रमांक भारतीय टपाल खात्याच्या संकेतस्थळावरही चालतो. भारतात शिरल्यावर माग तिथेच काढावा. विक्रेत्याने दिलेला निराळ्या घडणीचा क्रमांक मात्र तिथे ओळखला जाईलच असे नाही.

पहिली दोन अक्षरे सर्वांत महत्त्वाची. R म्हणजे रजिस्टर, C म्हणजे पार्सल, E म्हणजे जलद सेवा. U ने सुरू होणारी छोटी पाकिटे साध्या टपालाची असतात आणि जिथे पोचायचे त्या देशावर त्यांची वाटेतली नोंद करण्याचे बंधन नसते. स्वस्तातल्या ऑनलाइन खरेदीत हा प्रकार वारंवार दिसतो. तिथली शांतता हा बिघाड नव्हे. पाठवणाऱ्याने तेवढ्याच सेवेचे पैसे भरलेले असतात.

R किंवा C क्रमांक थांबला, तर शेवटची नोंद नीट वाचावी. पाठवणाऱ्या देशातून निघाल्याची नोंद शेवटची असेल, तर पार्सल विमानात किंवा न उघडलेल्या थैलीत असू शकते, कारण थैली उघडून एकेक वस्तू स्कॅन होईपर्यंत नवी नोंद पडत नाही. कस्टमकडे सोपवल्याची नोंद असेल, तर तपासणी किंवा शुल्क बाकी आहे. शुल्क लागले, तर ते सहसा बटवड्याच्या वेळी पोस्टमन घेतो. कस्टममधून सुटल्याची नोंद दिसली, तर पुढचा प्रवास देशांतर्गत टपालाचा. अशा वेळी क्रमांक घेऊन आपल्या पोस्टात विचारणे सर्वांत उपयोगाचे.

पत्ताही घात करतो. मलकापूर बुलढाणा जिल्ह्यात आहे, कोल्हापूरच्या शाहूवाडी तालुक्यात आहे आणि साताऱ्याच्या कराड तालुक्यातही आहे. परदेशी अर्जात जिल्ह्याचा रकाना नसला, तर वर्गवारी पिनकोडवरच होते: बुलढाण्याचा ४४३१०१, कराडजवळच्या मलकापूरचा ४१५५३९. म्हणून पत्त्यात ‘मलकापूर, कराड, जि. सातारा’ आणि पिनकोड एवढे सगळे लिहावे आणि मोबाइल क्रमांकही द्यावा.

तरीही पार्सलचा पत्ता लागला नाही, तर पाठवणाऱ्याने आपल्या देशाच्या टपालाकडे चौकशी नोंदवावी. नुकसानभरपाईचा हक्कही सहसा त्याचाच असतो. जागतिक टपाल संघाच्या करारानुसार ही चौकशी टपाल टाकल्यापासून सहा महिन्यांच्या आत करावी लागते.