बायोटिन आणि थायरॉइडची रक्ततपासणी

बायोटिन हे ब-गटातील, पाण्यात विरघळणारे जीवनसत्त्व आहे. प्रौढ माणसाला दिवसाला सुमारे ३० मायक्रोग्रॅम बायोटिन पुरते आणि रोजच्या आहारातून ते सहज मिळते. केस, नखे आणि त्वचेसाठी विकल्या जाणाऱ्या गोळ्यांमध्ये व गमींमध्ये मात्र ते ५ ते १० मिलिग्रॅम असते, म्हणजे गरजेच्या शेकडो पट. एवढ्या मात्रेने थायरॉइड ग्रंथीचे काहीही बिघडत नाही. बिघडतो तो रक्ततपासणीचा आकडा. ग्रंथी निरोगी असताना अहवाल तिला रोगी ठरवतो, आणि क्वचित खऱ्या रोगावर पांघरूणही घालतो.

दोष तपासणीच्या पद्धतीत आहे. रक्तातील संप्रेरके इतकी अल्प असतात की ती मोजण्यासाठी प्रतिपिंडांचा वापर करावा लागतो. मोजायचा रेणू पकडून ठेवण्यासाठी अनेक यंत्रांमध्ये बायोटिन आणि स्ट्रेप्टॅव्हिडिन ही जोडी वापरतात. स्ट्रेप्टॅव्हिडिन हे जिवाणूपासून मिळणारे प्रथिन असून ते बायोटिनला विलक्षण घट्ट धरते. यंत्रातील सूक्ष्म कणांवर स्ट्रेप्टॅव्हिडिनचा लेप असतो, तर तपासणीच्या प्रतिपिंडाला बायोटिन जोडलेले असते. दोघे एकमेकांना चिकटले की हवा तो रेणू कणांवर राहतो आणि उरलेले द्रव्य धुऊन टाकले जाते. रुग्णाच्या रक्तातच भरपूर मोकळे बायोटिन असेल, तर कणांवरच्या जागा तेच अडवते आणि ज्याला चिकटायचे होते ते धुऊन जाते. दोन्ही प्रकारच्या तपासण्यांत परिणाम एकच होतो, यंत्राला मिळणारा संकेत क्षीण होतो. त्या संकेताचा अर्थ मात्र दोन्हींत उलटा लागतो.

टीएसएचसारखा मोठा रेणू दोन प्रतिपिंडांच्या मध्ये पकडून मोजतात. तिथे संकेत जितका जास्त, तितके टीएसएच जास्त. बायोटिनमुळे संकेत घटला की टीएसएच खोटेच कमी दिसते. फ्री टी-४ आणि फ्री टी-३ हे रेणू लहान असल्याने ते स्पर्धात्मक पद्धतीने मोजले जातात. रुग्णाचे संप्रेरक आणि तपासणीद्रव्यातील संप्रेरक एकाच प्रतिपिंडासाठी झगडतात, म्हणून रुग्णाचे संप्रेरक जितके जास्त, तितका संकेत कमी. इथे घटलेला संकेत यंत्र ‘संप्रेरक वाढले’ असा वाचते. कमी टीएसएच आणि वाढलेले टी-४, टी-३ हे तर हायपरथायरॉइडिझमचे पाठ्यपुस्तकी चित्र आहे. ग्रेव्हज रोगाची खूण मानले जाणारे टीएसएच-रिसेप्टर प्रतिपिंडही काही यंत्रांवर स्पर्धात्मक पद्धतीनेच मोजले जातात, त्यामुळे तेही खोटे ‘पॉझिटिव्ह’ येऊ शकतात. २०१६ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये जर्मन डॉक्टरांनी काही मुलांची नोंद प्रसिद्ध केली. चयापचयाच्या दुर्मीळ विकारांसाठी त्यांना मोठ्या मात्रेत बायोटिन दिले जात होते आणि त्यांचे अहवाल ग्रेव्हज रोगासारखे आले होते. तीन वेगवेगळ्या तपासण्या एकाच बाजूने बोलतात तेव्हा निदान पक्के वाटते. पण तिन्ही एकाच कारणाने चुकलेल्या असतील, तर त्यांची एकमेकींना असलेली साक्ष निरुपयोगी ठरते.

सगळी यंत्रे ही जोडी वापरत नाहीत. काहींमध्ये टीएसएच सुरक्षित असते आणि फक्त फ्री टी-४ बिघडते. मग ‘टी-४ जास्त, टीएसएच सामान्य’ असा अहवाल येतो आणि पिट्यूटरीच्या गाठीची शंका घेतली जाऊ शकते. २०१७ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने या दोषाबद्दल जाहीर इशारा दिल्यानंतर अनेक उत्पादकांनी तपासण्या सुधारल्या, तरी जुनी तपासणीद्रव्ये सर्वत्र एकदम बदलली असे नाही.

थायरॉइडच्या रुग्णांत हा प्रश्न वारंवार येण्याला साधे कारण आहे. केस गळणे हे थायरॉइड विकाराचेच लक्षण असल्याने ज्यांची तपासणी वरचेवर होते, तेच लोक बायोटिन घेत असतात. एक प्रातिनिधिक उदाहरण पाहू. हायपोथायरॉइडिझम असलेली ३६ वर्षांची स्त्री रोज ७५ मायक्रोग्रॅम लेव्होथायरॉक्सिन घेते. सहा महिन्यांपूर्वी तिचे टीएसएच २.८ होते. आता ते ०.३ आहे आणि फ्री टी-४ आहे २.३, म्हणजे सामान्य मर्यादेच्या वर. अहवालापुरते पाहिले तर गोळीची मात्रा जास्त झाली आहे आणि ती ५० वर आणायला हवी. पण नाडी ७४ आहे, हात थरथरत नाहीत, वजन घटलेले नाही, झोप नीट लागते, घाम किंवा धडधडीची तक्रार नाही. मात्रा कमी केली असती, तर दीड-दोन महिन्यांत तिला थकवा आणि सूज आली असती, आणि केस आणखी गळले असते.

इथे डॉक्टरचा पहिला उपाय म्हणजे नेमका प्रश्न. ‘दुसरे काही औषध चालू आहे का?’ असे विचारले की उत्तर ‘नाही’ येते, कारण व्हिटॅमिनला कोणी औषध मानत नाही. ‘केसांसाठी, नखांसाठी काही घेता का? गमी, पावडर?’ असे विचारले की पर्समधून डबी निघते. तिच्यावर १०,००० मायक्रोग्रॅम लिहिलेले असते, म्हणजे १० मिलिग्रॅम, आणि त्या सकाळची गोळी रक्त देण्याच्या तासभर आधी घेतलेली असते. साध्या मल्टिव्हिटॅमिनमधील मोजक्या मायक्रोग्रॅमची चिंता करण्याचे कारण नाही.

मग लेव्होथायरॉक्सिन तसेच ठेवून फक्त बायोटिन थांबवतात आणि तपासणी पुन्हा करतात. किमान दोन दिवस थांबावे, अशी अमेरिकन थायरॉइड असोसिएशनची शिफारस आहे. मूत्रपिंडे निकामी असतील किंवा मल्टिपल स्क्लेरोसिसवर आजमावल्या गेलेल्या ३०० मिलिग्रॅमसारख्या मात्रा असतील, तर बायोटिन शरीरातून जायला याहून बराच वेळ लागतो. उदाहरणातील स्त्रीचे टीएसएच तीन दिवसांनी त्याच यंत्रावर २.७ आले आणि फ्री टी-४ सामान्य आले, तर प्रश्न मिटला.

थांबणे शक्य नसेल, तर डॉक्टरने प्रयोगशाळेला फोन करून तपासणी कोणत्या यंत्रावर झाली हे विचारावे. तोच नमुना बायोटिन न वापरणाऱ्या यंत्रावर चालवता येतो, किंवा स्ट्रेप्टॅव्हिडिनच्या कणांनी आधी नमुन्यातले जादा बायोटिन काढून पुन्हा मोजता येतो. ग्रेव्हज रोगाचीच शंका असेल, तर किरणोत्सारी आयोडीन किंवा टेक्नेशियमचा स्कॅन उपयोगी पडतो, कारण तो ग्रंथीचे काम थेट दाखवतो आणि त्यावर बायोटिनचा परिणाम होत नाही. खऱ्या ग्रेव्हज रोगात ग्रंथी हे द्रव्य जोमाने शोषते. खुलासा होईपर्यंत लक्षणे नसलेल्या रुग्णाला कार्बिमेझोल सुरू करू नये.

उलट प्रकार अधिक घातक असतो, कारण तो कोणाच्या लक्षात येत नाही. खरोखर वाढलेले टीएसएच बायोटिनमुळे खाली येऊन सामान्य मर्यादेत बसू शकते. अहवाल निर्दोष असतो, म्हणून कोणी शंका घेत नाही आणि रुग्णाचा थकवा ‘ताणामुळे’ म्हणून सोडून दिला जातो. थायरॉइडचा कर्करोग काढलेल्या रुग्णांत थायरोग्लोब्युलिन पुन्हा वाढते का, यावर लक्ष ठेवले जाते. तीही दोन प्रतिपिंडांमध्ये पकडून केली जाणारी तपासणी असल्याने खोटी कमी येऊ शकते आणि उलटलेला रोग नजरेआड राहतो. अशा रुग्णांना प्रत्येक तपासणीआधी बायोटिनबद्दल विचारलेच पाहिजे, अहवाल कितीही चांगला येवो.

बायोटिन पूर्ण थांबवूनही आकडे आणि रुग्ण यांचा मेळ बसत नसेल, तर शोध पुढे जातो. रक्तातील इतर प्रतिपिंड तपासणीत अडथळा आणतात का, लेव्होथायरॉक्सिनची गोळी रक्त देण्याच्या थोडे आधी घेतली होती का, रुग्ण स्त्री असल्यास गर्भारपणाचे पहिले महिने आहेत का, अमिओडॅरोनसारखे औषध चालू आहे का, हे मग एकेक करून तपासले जाते.