हस्तांतर पत्र (डेटा सिंकचे)

नोकरी सोडून जाणाऱ्या डेटा इंजिनिअरने मागे राहणाऱ्या सहकाऱ्यासाठी लिहिलेले पत्र. एका ठिकाणचा डेटा ठरलेल्या वेळी आपोआप दुसरीकडे नेऊन ठेवणारी कामे, म्हणजे सिंक, ज्याच्या हवाली असतात, तो या पत्राने त्यांचा ताबा देतो. पुण्या-मुंबईच्या आयटी कंपन्यांत या देवघेवीला ‘केटी’ म्हणतात आणि नोटीस पिरियडच्या शेवटच्या आठवड्यांत ती उरकली जाते. केटीच्या बैठकीत सांगितलेले बरेचसे महिनाभरात विसरले जाते. पुढे कधीतरी पहाटे काम अडले, तर हाताशी उरते ते पत्रच.

अशी बरीचशी पत्रे म्हणजे नुसत्या याद्या असतात: कामाचे नाव, वेळ, फाइल कुठे आहे. हे सगळे सर्व्हरला विचारूनही कळते. पत्रात खरे तर ते हवे, जे सर्व्हर सांगू शकत नाही: ही वेळ का निवडली, काम कोणाच्या नावावर चालते, चुकले तर कसे ओळखायचे, आणि पुन्हा चालवले तर नुकसान होते का.

उदाहरणादाखल औषधांच्या दुकानांची एक साखळी घेऊ. दिवसभराची बिले पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये जमा होतात आणि रोज रात्री ती अहवालांच्या वेअरहाऊसमध्ये जातात. लिनक्स सर्व्हरवर हे काम क्रॉन पाहतो. आज वापरात असलेले बरेचसे क्रॉन पॉल व्हिक्सी यांनी १९८७ मध्ये लिहिलेल्या क्रॉनवरून आले आहेत. जाणाऱ्या इंजिनिअरच्या क्रॉनटॅबमध्ये या कामाची एवढी एकच ओळ आहे:

```
0 21 * * * /usr/bin/flock -n /tmp/bills.lock /opt/sync/bills.sh >> /var/log/sync/bills.log 2>&1
```

नव्या माणसाला वाटेल की काम रात्री नऊला चालते. सर्व्हरचे घड्याळ यूटीसीवर असेल तर ते भारतात पहाटे अडीचला चालते, कारण आपली वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे आहे. गोंधळ तासांचाच नाही, वाराचाही होतो. सोमवारी पहाटे अडीचला चालायला हवे असलेले साप्ताहिक काम क्रॉनटॅबमध्ये रविवारच्या खात्यात लिहावे लागते, कारण यूटीसीत तेव्हा अजून रविवारच असतो. चांगल्या पत्रात दोन्ही वेळा शेजारी शेजारी असतात आणि कारणही असते. या साखळीत रात्री उशिरापर्यंत उघडी राहणारी दुकाने दीडच्या सुमारास हिशेब मिटवतात आणि व्यवस्थापकांना सहा वाजता अहवाल हवा असतो, म्हणून अडीच. हे कारण माहीत असलेला सहकारी पुढे वेळ बदलताना त्या दोन टोकांमध्येच बदलेल.

दुसरी गोष्ट नावाची. `crontab -l` हा आदेश फक्त तो देणाऱ्याच्या खात्यावरची कामे दाखवतो. त्यामुळे सहकाऱ्याने आपल्या खात्यातून तो चालवला तर त्याला काहीच दिसणार नाही आणि काम चालूच नाही, असा समज होईल. खरा धोका शेवटच्या दिवसानंतरचा. सोडून गेलेल्या माणसाचे खाते सर्व्हरवरून काढून टाकले की व्हिक्सीच्या क्रॉनला त्या नावाचा वापरकर्ता सापडत नाही. तो लॉगमध्ये एवढेच लिहितो आणि काम सोडून देतो:

```
ORPHAN (no passwd entry)
```

म्हणून पत्र लिहिण्याआधीच प्रत्येक सिंक कोणा व्यक्तीच्या नव्हे, तर सेवेसाठी काढलेल्या स्वतंत्र खात्यावर हलवायचे असते. डेटाबेसचे पासवर्ड आणि बाहेरच्या सेवांची टोकन यांचेही तेच. कोणते टोकन कोणाच्या लॉगिनने काढले आहे आणि कोणत्या तारखेला संपते, हे पत्रात लिहावे लागते. पासवर्ड आणि टोकन स्वतः मात्र पत्रात कधीच येत नाहीत; ते कुठे ठेवले आहेत, तेवढेच येते.

पत्राचा सर्वांत मोलाचा भाग असतो तो सिंकच्या स्वभावाचा. रोज सगळी बिले नव्याने नेणे जड जाते, म्हणून स्क्रिप्ट एक खूण जपते. मागच्या खेपेला नेलेल्या बिलांपैकी सर्वांत अलीकडची `updated_at` ही वेळ ती लिहून ठेवते आणि दुसऱ्या रात्री त्यानंतर बदललेली बिलेच मागते. या खुणेला वॉटरमार्क म्हणतात. रीत सरळ दिसते, पण तिच्यात एक फट आहे आणि त्या फटीतून बिले गळतात.

एका रात्री काय होऊ शकते ते पाहू. घड्याळ सगळीकडे भारतीय वेळेचे धरू. `updated_at` मध्ये `now()` भरले जाते, आणि पोस्टग्रेसमध्ये `now()` ही वेळ व्यवहार सुरू झाल्याची मिळते, पूर्ण झाल्याची नव्हे. हिशेब मिटवायला उशीर झालेल्या एका दुकानाचे पहिले बिल २:२९:५० ला सुरू झाले, पण काही कारणाने २:३०:४० ला पक्के झाले. दुसरे बिल २:२९:५८ ला सुरू झाले आणि सेकंदभरात पक्के झाले. सिंक अडीच वाजता वाचायला आले. त्याला दुसरे बिल दिसले. पहिले दिसले नाही, कारण ते अजून पक्के व्हायचे होते. वॉटरमार्क २:२९:५८ वर गेला. दुसऱ्या रात्री सिंकने त्यापुढची बिले मागितली. पहिल्या बिलावरची वेळ २:२९:५०, म्हणजे खुणेच्या आठ सेकंद मागची. ते बिल आता पक्के आहे, डेटाबेसमध्ये दिसते आहे, तरी पुन्हा कोणी त्यात बदल केला नाही तर वेअरहाऊसमध्ये ते कधीच पोहोचणार नाही. लॉगमध्ये मात्र दोन्ही रात्री सिंक यशस्वी झाल्याची नोंद असते.

यावर उपाय असा. सिंकने वॉटरमार्कपासून नव्हे, तर त्याच्या पंधरा मिनिटे आधीपासून वाचायचे, आणि वेअरहाऊसमध्ये लिहिताना बिल क्रमांकावर जुळवायचे. क्रमांक आधीच असला तर जुनी ओळ बदलायची, नसला तर नवी घालायची. थोडी बिले दोनदा येतात, पण दुप्पट होत नाहीत. आता हे ज्याला माहीत नाही तो एक दिवस स्क्रिप्ट वाचतो आणि ‘ही पंधरा मिनिटे कशाला, उगाच तेच तेच वाचते’ म्हणून ती ओळ काढून टाकतो. पत्रात ‘पंधरा मिनिटांना हात लावू नकोस’ एवढेच लिहिले तर तो कदाचित ऐकेल. वरचा आठ सेकंदांचा हिशेब लिहिला तर नक्की ऐकेल. शिवाय एखादा व्यवहार पंधरा मिनिटांहून लांबला तर हा उपायही अपुरा पडतो, हेही त्याला तेव्हाच कळेल.

वॉटरमार्कची दुसरी मर्यादा पुसलेल्या ओळींची. मूळ डेटाबेसमधून बिल कायमचे काढून टाकले, तर त्याची `updated_at` उरतच नाही, त्यामुळे सिंकला ते गेल्याचा पत्ता लागत नाही आणि वेअरहाऊसमध्ये ते तसेच राहते. यासाठी आठवड्यातून एकदा दोन्हीकडचे सगळे बिल क्रमांक ताडून पाहणारे वेगळे काम ठेवावे लागते. ते रोज का नाही आणि आठवड्याने का, हेही पत्रात यायला हवे.

‘यशस्वी’ या शब्दावर विसंबता येत नसेल तर सहकाऱ्याने पाहायचे काय? गेल्या सात दिवसांची रोजची बिलसंख्या, दोन्ही ठिकाणी:

```
SELECT created_at::date, count(*)
FROM bills
WHERE created_at >= current_date - 7
  AND created_at::date != current_date
GROUP BY 1 ORDER BY 1;
```

आकडे जुळले तर ठीक. दोन्हीकडे टाइमझोन एकच ठेवला नाही, तर मात्र साडेपाच तासांची बिले भलत्याच तारखेत मोजली जातात आणि नसलेली तूट दिसते. पाच-दहा बिलांचा, अधूनमधून येणारा फरक गळतीचा असतो. अख्खा दिवस शून्य असेल तर काम चाललेच नाही. इथे `flock -n` लक्षात ठेवावे लागते. आदल्या रात्रीचे काम अजून अडकून पडले असेल, तर नवे काम कुलूप लागलेले पाहून काहीही न बोलता परत फिरते. त्या रात्रीचे लॉग कोरे राहते, आणि कोऱ्या लॉगकडे सहसा कोणी पाहत नाही.

न बोलता बंद पडलेल्या कामाची किंमत गिटलॅब या कंपनीने स्वतः जाहीरपणे मांडली आहे. ३१ जानेवारी २०१७ रोजी दुरुस्ती करताना तिथल्या एका इंजिनिअरने चुकून मुख्य डेटाबेसचीच डेटा डिरेक्टरी पुसायला घेतली. सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबीच्या आसपास उरले तेव्हा चूक ध्यानात आली. रोज ठरल्या वेळी घेतला जाणारा बॅकअप काढायला गेले तर साठवणीची जागा रिकामी. डेटाबेस पोस्टग्रेस ९.६ होता आणि बॅकअपच्या कामात `pg_dump` ९.२ चा चालत होता, त्यामुळे ते काम त्रुटी देऊन थांबत होते. त्रुटीची ईमेल जातही होती, पण त्या ईमेलसाठी डीमार्क सुरू केलेले नसल्याने घेणारा मेल सर्व्हर त्या नाकारत होता. शेवटी एका इंजिनिअरने वेगळ्याच कामासाठी सुमारे सहा तास आधी हाताने घेतलेली प्रत उपयोगी पडली. मधल्या सहा तासांतला डेटा मात्र गेला. वरच्या आपल्या ओळीतही शेवटचे `2>&1` सगळ्या त्रुटी लॉग फाइलमध्ये टाकते, म्हणजे क्रॉनला ईमेल पाठवायला काही उरतच नाही. म्हणून बिघाडाची सूचना कोणत्या वाटेने आणि कोणाच्या पत्त्यावर येते, हे पत्रात असावे लागते. तो पत्ता जाणाऱ्या माणसाचाच असेल, तर सूचना त्याच्या बंद झालेल्या मेलपेटीकडे जात राहतात.

पुन्हा चालवण्याबाबत पत्र दोन प्रकारची कामे वेगळी करते. त्या परिच्छेदाचा नमुना असा असतो: ‘बिलांचे सिंक अर्ध्यात पडले तर बिनधास्त पुन्हा चालव, दहा वेळा चालवलेस तरी बिले तेवढीच राहतील. पण औषध संपत आल्याची आठवण देणारे काम तसे नाही. ते पुन्हा चालवलेस तर ग्राहकांना दुसऱ्यांदा एसएमएस जातील. आधी पाठवलेल्यांचा तक्ता बघ, मग उरलेल्यांपुरतेच चालव.’

काटेकोर इंजिनिअर पत्र देऊन थांबत नाहीत, तालीमही घेतात. शेवटच्या दिवसाच्या आठवडाभर आधी, मदतीला माणूस अजून शेजारी बसलेला असताना, त्याचे खाते बंद करून पाहतात. `usermod -L` ने नुसता पासवर्ड बंद होतो. त्याने खाते खऱ्या अर्थाने बंद होत नाही आणि तालीम फसवी ठरते. `usermod -e 1` ने खात्याची मुदत संपवली, की क्रॉनची कामेही अडतात. मग दुसऱ्या दिवशी सकाळी पत्र घेणारा एकटाच लॉग उघडतो, दोन्हीकडची बिलसंख्या ताडतो, आणि जिथे अडतो ती ओळ पत्रात लिहायची राहिली होती असे धरून जाणारा ती त्याच सकाळी लिहितो.