आधी शब्द, मग चौकट: वर्गातल्या शब्दकोड्याचा मागोवा

सत्र संपत आले की अनेक वर्गांत एक उपक्रम होतो. सहा महिन्यांत शिकवलेल्या पंधरा-वीस संज्ञा निवडायच्या, त्यांचे आडवे-उभे शब्दकोडे बांधायचे आणि प्रत्येक शब्दाचे शोधसूत्र व्याख्यानात दिलेल्या व्याख्येवरून लिहायचे. वरवर पाहता हे वर्तमानपत्रातल्या कोड्याचे शालेय रूप वाटते. पण याचा वंश शोधत गेलो तर दोन वेगळी घराणी सापडतात. चौकट आली ती न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्रातून, आणि शोधसूत्राचे मूळ आहे व्याख्या करण्याच्या फार जुन्या शास्त्रात. उपक्रमाचा कस लागतो तो या दुसऱ्या घराण्याच्या बाजूने.

आधी चौकटीचे पाहू. २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या दैनिकाच्या रविवारच्या मनोरंजन पुरवणीत आर्थर विन या मूळच्या लिव्हरपूलच्या संपादकाने हिऱ्याच्या आकाराचे एक कोडे छापले. त्याची शोधसूत्रे बहुतेक साध्या व्याख्या होत्या. लेखी पोच म्हणजे पावती, अशा धर्तीच्या. पण त्याच कोड्यात एका ताडवृक्षाच्या धाग्याचे तीन अक्षरी नाव विचारले होते, आणि ते सामान्य वाचकाला ठाऊक असणे कठीण होते. असा शब्द तिथे का आला? चौकटीत तीन घरे उरली होती आणि बसणारा शब्द तोच होता. वर्तमानपत्री कोड्याचा हा मूळ स्वभाव आहे: आधी चौकट, मग तिच्यात मावणारा शब्द, आणि शेवटी त्या शब्दासाठी शोधसूत्र.

त्याच दैनिकात काम करणाऱ्या मार्गारेट पेदरब्रिज (पुढे मार्गारेट फरार) यांनी या खेळाला शिस्त लावली. १९२४ मध्ये सायमन अँड शुस्टरने काढलेल्या पहिल्या शब्दकोडे-पुस्तकाच्या तीन संपादकांपैकी त्या एक होत्या, आणि १९४२ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने कोडे सुरू केले तेव्हा पहिल्या कोडे-संपादकही त्याच झाल्या. अमेरिकी पद्धतीत चौकट सममित असते, दोन अक्षरी शब्द चालत नाहीत, आणि प्रत्येक अक्षर आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही शब्दांत यावे लागते. या शेवटच्या नियमाचा सोडवणाऱ्याला मोठा आधार असतो. एक शोधसूत्र कळले नाही तरी त्या शब्दाची अक्षरे आडव्या-उभ्या शेजाऱ्यांकडून मिळतात.

वर्गात हे सगळे उलटे होते. शब्द अभ्यासक्रमाने ठरवलेले असतात आणि चौकट त्यांच्यामागून येते. वीस संज्ञांनी अमेरिकी पद्धतीची पंधरा बाय पंधराची चौकट भरता येत नाही, तिला सत्तरच्या आसपास शब्द लागतात. म्हणून वर्गातले कोडे सुटसुटीत फांद्यांचे असते. एक लांब शब्द मध्ये, त्याला छेदणारे दुसरे, त्यांना छेदणारे तिसरे. कॅनडातल्या व्हिक्टोरिया विद्यापीठात भाषाशिक्षकांसाठी तयार झालेल्या ‘हॉट पोटॅटोज’ या संगणकीय संचात अशा कोड्यांसाठी ‘जेक्रॉस’ नावाचा स्वतंत्र भाग होता. शिक्षकाने शब्द द्यायचे आणि त्यातून चौकट उभी करायची. या रचनेत बहुतेक अक्षरे एकाच शब्दाची असतात. शेजाऱ्याचा आधार तुटपुंजा असतो, त्यामुळे सगळा भार शोधसूत्रावर येतो.

मराठीत हा भार आणखी वाढतो. बारावी किंवा पदवीच्या पहिल्या वर्षाच्या सूक्ष्म अर्थशास्त्राचे उदाहरण घेऊ. आपल्या कोड्यात एका घरात एक पूर्ण अक्षर बसते, काना-मात्रा-वेलांटीसह. तेव्हा छेद जुळायला ‘त’ला ‘त’ पुरत नाही, ‘ता’ला ‘ता’च लागतो. ‘सीमांत’मधला ‘मां’ ‘मागणी’तल्या ‘मा’ला छेदू शकत नाही. इंग्रजीत सव्वीस अक्षरांत भागते, आपल्याकडे वेगवेगळी अक्षरे शेकड्यांनी असल्याने जुळणाऱ्या जागा मोजक्याच मिळतात.

आता बांधायला घेऊ. मधल्या ओळीत आडवा ‘लवचिकता’ लिहा, पाच घरे. त्याच्या शेवटच्या ‘ता’वर येऊन संपणारा उभा ‘उपयोगिता’ लिहा. ‘लवचिकता’च्या ‘व’मधून उभा ‘पुरवठा’ जातो. ‘उपयोगिता’च्या ‘उ’पासून आडवा ‘उपभोग’ निघतो आणि त्याच्या ‘ग’मधून उभी ‘मागणी’ उतरते. ‘उपयोगिता’च्या ‘यो’वर आडवा ‘संयोजक’ बसतो. सहा शब्द, पाच छेद.

पुढे अडचणी सुरू होतात. ‘पुरवठा’च्या ‘र’वर ‘बाजार’ आडवा बसवायचा प्रयत्न करा. त्यातला ‘जा’ थेट ‘लवचिकता’च्या ‘ल’च्या वर येतो आणि कुणी न विचारलेला ‘जाल’ हा उभा शब्द तयार होतो. असे शेजार झाले की सोडवणाऱ्याचा गोंधळ होतो, म्हणून ‘बाजार’ तिथून काढावाच लागतो. दुसरी अडचण ‘मक्तेदारी’ची. तिच्या चार अक्षरांपैकी एकही या सहा शब्दांत नाही. मध्ये ‘समतोल’ घालून दुवा जोडता येईल, कारण त्याच्यात ‘म’ही आहे आणि ‘ल’ही. पण ‘लवचिकता’च्या ‘ल’वर तो उभा केला की ‘पुरवठा’ला चिकटतो. म्हणजे परीक्षेत जिच्यावर हमखास प्रश्न येतो ती मक्तेदारी कोड्याबाहेर राहते, आणि ‘उपभोग’ सहज आत येतो. चौकट शब्दांची निवड त्यांच्या अक्षरांवरून करते, अभ्यासक्रमातले त्यांचे वजन तिला दिसत नाही. म्हणून बाहेर राहिलेल्या संज्ञांची यादी कोड्याखाली द्यावी आणि त्यांच्या व्याख्या वेगळ्या विचाराव्यात. कोडे म्हणजे पूर्ण उजळणी, असा विद्यार्थ्यांचा समज होऊ देऊ नये.

संगणकावर बांधताना आणखी एक धोका आहे. देवनागरीची जाण नसलेली साधने मात्रा आणि हलन्त वेगळे मोजतात. ‘लवचिकता’ पाच घरांऐवजी सात घरांत पसरते आणि ‘मक्तेदारी’ चाराऐवजी नऊ. एखाद्या घरात नुसती वेलांटी दिसली तर चूक तीच आहे, हे ओळखावे. आलेखाच्या कागदावर हाताने बांधलेले कोडे अशा वेळी जास्त भरवशाचे ठरते.

आता दुसरे घराणे. एखाद्या वस्तूची ओळख पटवणारे वाक्य कसे असावे, याचा काटेकोर विचार न्यायशास्त्रात झाला आहे. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टांच्या ‘तर्कसंग्रहा’वरील त्यांच्याच ‘दीपिका’ टीकेत लक्षणाचे तीन दोष गाईच्या उदाहरणाने समजावले आहेत. गाय म्हणजे तांबूस रंगाची, असे म्हटले तर पांढरी गाय सुटते, ही अव्याप्ती. गाय म्हणजे शिंगे असलेली, असे म्हटले तर म्हैसही आत येते, ही अतिव्याप्ती. गाय म्हणजे एका अखंड खुराची, असे म्हटले तर एकही गाय त्यात बसत नाही, हा असंभव. निर्दोष लक्षण म्हणून ते गळ्याखाली लोंबणारी कातडी सांगतात. शोधसूत्राला यापेक्षा नेमकी कसोटी मला माहीत नाही, कारण शोधसूत्राचे कामच हे आहे: एका संज्ञेपर्यंत पोचवायचे आणि बाकी सगळ्या संज्ञा बाहेर ठेवायच्या.

‘लवचिकता’वर ही कसोटी लावून पाहू. आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० च्या ग्रंथात रुळवलेली ही कल्पना वर्गात अशी सांगितली जाते: किमतीतल्या शेकडा बदलामुळे मागणीत होणारा शेकडा बदल. विद्यार्थी घाईत लिहितो, ‘किंमत बदलली की मागणी बदलते’. हे मागणीच्या नियमालाही लागू पडते, म्हणजे अतिव्याप्ती झाली. दुसरा लिहितो, ‘किंमत वाढल्यावर मागणी घटण्याचे प्रमाण’. यात किंमत उतरण्याची बाजू सुटली आणि पुरवठ्याची लवचिकताही सुटली, म्हणून अव्याप्ती. दोन्ही दोष टाळून लिहायचे तर असे होईल: ‘किमतीतल्या शेकडा बदलाला मागणी किंवा पुरवठा शेकडा किती प्रतिसाद देतो, त्याचे मोजमाप’. हे वाक्य लिहिताना विद्यार्थ्याला दोनदा ‘शेकडा’ का लागतो ते कळते. नुसत्या वह्या वाचून ते बहुधा निसटते.

‘उपयोगिता’त वेगळा खड्डा आहे. ‘वस्तूची उपयोगी पडण्याची शक्ती’ असे शोधसूत्र लिहिले तर उत्तर प्रश्नातच आले. न्यायशास्त्र याला आत्माश्रय म्हणते. शिवाय अर्थही चुकला. अर्थशास्त्रात उपयोगिता म्हणजे गरज भागवण्याची क्षमता, मग ती वस्तू हितकारक असो वा नसो. तंबाखूलाही उपयोगिता असते. ‘मानवी गरज भागवण्याची वस्तूतली क्षमता, हिताअहिताचा विचार न करता’ असे लिहिले की दोन्ही दोष जातात.

आणि ‘संयोजक’ जिथे आहे, तिथे दोन्ही घराणी एकमेकांच्या मदतीला येतात. ‘भूमी, श्रम व भांडवल एकत्र आणून जोखीम पत्करणारा’ हे शोधसूत्र लक्षण म्हणून ठीक आहे, पण त्याला ‘उद्योजक’ हेही उत्तर चालते. दोन्ही शब्द चार अक्षरी, आणि शेवटची ‘ज’ व ‘क’ ही अक्षरेही सारखी. निवाडा छेदावरच होतो. दुसऱ्या घरात ‘उपयोगिता’चा ‘यो’ आला की ‘द्यो’ बाद होतो. समानार्थी संज्ञा असलेला शब्द नेहमी अशा फरकाच्या अक्षरावर छेदलेला असावा. तो छेद पहिल्या दोन घरांऐवजी शेवटच्या ‘क’वर पडला असता तर कोड्याला दोन बरोबर उत्तरे राहिली असती.

या उपक्रमाने नक्की काय साधते? १९७८ मध्ये स्लमेका आणि ग्राफ यांनी दाखवले की नुसत्या वाचलेल्या शब्दांपेक्षा खुणेवरून स्वतः काढलेले शब्द जास्त लक्षात राहतात. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिकी यांच्या प्रयोगात, पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत जास्त आठवले, पण आठवड्यानंतर आठवून पाहण्याचा सराव केलेले पुढे होते. शब्दकोडे सोडवणे म्हणजे असेच आठवून पाहणे. मात्र त्याची दिशा एकच आहे: व्याख्या समोर, संज्ञा शोधायची. परीक्षेत बहुधा उलटे विचारतात: संज्ञा समोर, व्याख्या लिहायची. कोडे भराभर सोडवणारा विद्यार्थी त्या प्रश्नाला अडखळला तर आश्चर्य नको, त्याने त्या दिशेचा सराव केलेलाच नसतो.

तो सराव शोधसूत्र लिहिणाऱ्याचा होतो. म्हणून कोडे शिक्षकाने बांधून वाटण्यापेक्षा चार-पाच विद्यार्थ्यांच्या गटाने ते बांधावे, असे माझे ठाम मत आहे. आधी प्रत्येकाने वही मिटून आपल्या संज्ञांची शोधसूत्रे लिहावीत, मग वहीशी ताडून पाहावीत. नंतर दुसऱ्या गटाला चौकट आणि अक्षरसंख्या न दाखवता नुसती शोधसूत्रे द्यावीत. एका शोधसूत्राला दोन वेगळी उत्तरे आली तर अतिव्याप्ती आहे, आणि ‘पण अमुक उदाहरण यात बसत नाही’ असा आक्षेप आला तर अव्याप्ती. उत्तरे समानार्थी असतील तेवढ्याच जागा छेदावर सोपवाव्यात, बाकी शोधसूत्रे पुन्हा लिहावीत. आलेखाचा कागद त्यानंतरच काढावा.