पंचतंत्रातला दमनक सुटला, मग अरबीत त्याच्यावर खटला का चालला?

माकड आणि पाचरीची गोष्ट बहुतेकांनी शाळेत ऐकलेली असते. अर्धवट चिरलेल्या ओंडक्यातली पाचर माकड उपसतं आणि फटीत अडकून मरतं. तात्पर्य: नसत्या उठाठेवी करू नयेत.

पण पंचतंत्रात ही गोष्ट कोण कुणाला सांगतं, हे लहान मुलांच्या पुस्तकात सहसा नसतं. ती करटक नावाचा कोल्हा दमनक नावाच्या कोल्ह्याला सांगतो. हे दोघं मंत्र्यांच्या घराण्यातले, पण आता दरबारात त्यांना कुणी विचारत नाही. सिंहाच्या उष्ट्यावर त्यांचं पोट चालतं. म्हणजे एक पदावरून गेलेला माणूस दुसऱ्याला बजावतोय की, राजाच्या भानगडीत पडू नकोस. गोष्ट तीच राहते, पण संदर्भ जोडला की ती दरबारातली कुजबुज होते.

दमनक ऐकत नाही. पिंगलक हा सिंह यमुनेवर पाणी प्यायला आलेला असताना एक अनोळखी डरकाळी ऐकून घाबरलाय, हे त्याने हेरलेलं असतं. तो आवाज संजीवक नावाच्या बैलाचा असतो. एका व्यापाऱ्याने त्याला जखमी अवस्थेत रानात सोडलेलं असतं. दमनक त्याला सिंहाकडे आणतो आणि दोघांची घट्ट मैत्री होते. इतकी घट्ट की सिंह शिकार सोडून बैलाशी गप्पा मारत बसतो आणि कोल्ह्यांचं उष्टंही बंद होतं.

मग दमनक आपणच जोडलेली मैत्री तोडायला निघतो. सिंहाला सांगतो, बैलाचा तुमच्या गादीवर डोळा आहे. बैलाला सांगतो, सिंह तुला खाणार आहे. शिवाय समोरच्याच्या मनात काय आहे ते कसं ओळखायचं, याच्या खुणाही दोघांना सांगून ठेवतो. दोघं समोरासमोर येतात तेव्हा आधीच धास्तावलेले असतात. त्या भीतीने अंग ताठतं, नजर बदलते. प्रत्येकाला समोरच्यात नेमकी सांगितलेली खूण दिसते. खोटी बातमी स्वतःच स्वतःचा पुरावा तयार करते. (फॉरवर्डच्या जमान्यात हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही.)

बैल मरतो. सिंह हळहळतो, दमनक त्याची समजूत काढतो आणि मंत्री होतो. संस्कृत पंचतंत्राचा पहिला भाग इथेच संपतो. शिक्षा कुणालाच होत नाही. विष्णुशर्मा राजपुत्रांना राजकारण शिकवतोय, त्यामुळे दरबार जसा असतो तसाच त्याने दाखवला.

अरबीत गेल्यावर काय झालं?

सहाव्या शतकात हा ग्रंथ इराणच्या पहलवी भाषेत गेला. तिथून इ.स. 750 च्या सुमारास इब्न अल-मुकफ्फा या इराणी वंशाच्या लेखकाने तो अरबीत आणला. नाव झालं ‘कलीला व दिम्ना’, म्हणजे आपलेच करटक आणि दमनक. त्याने त्यात एक नवं प्रकरण घातलं, असं अभ्यासक मानतात. ते प्रकरण म्हणजे दिम्नाचा खटला.

एका रात्री कलीला दिम्नाला खडसावत असतो आणि ते बोलणं बिबट्याच्या कानावर पडतं. तो सिंहाच्या आईला सांगतो, पण गुपित म्हणून. खटला उभा राहतो. दिम्ना उत्तम बोलतो. मुदपाकखान्याचा प्रमुख म्हणतो, याच्या चेहऱ्यावरच गुन्हा दिसतो. दिम्ना उलट त्याच्याच शरीरातली व्यंगं मोजून दाखवतो. सगळ्यांना खात्री असते, पण पुरावा नसतो. शेवटी बिबट्या साक्ष देतो आणि तुरुंगात त्यांचं बोलणं ऐकलेला दुसरा एक प्राणीही पुढे येतो. आधी का बोलला नाहीस? उत्तर: एकट्याच्या साक्षीवर निकाल लागत नाही, हे मला माहीत होतं. दोन साक्षीदारांची ही अट इस्लामी कायद्यातली आहे. ती पूर्ण होते आणि दिम्नाला मृत्युदंड मिळतो.

अनेक जण हा ‘न्याय झाला’ असा शेवट समजतात. मला तसं वाटत नाही. बैलाला मारलं कुणी? सिंहाने. आणि आरोपीचं नशीब ठरवतो तोही सिंहच. त्याच्यावर खटला चालवायचं पूर्ण प्रकरणात कुणी सुचवतही नाही. सिंह म्हणजे अमुकच खलिफा, असं मात्र लावता येत नाही. लेखकाने नावाची एकही खूण ठेवलेली नाही, आणि त्यातच त्याची सुरक्षितता होती.

निदान कथेपुरती. इब्न अल-मुकफ्फा स्वतः दरबारी लेखनिक होता. खलिफा मन्सूरच्या बंडखोर काकासाठी अभयपत्राचा मसुदा त्याने लिहिला आणि त्यात खलिफाला शब्द फिरवायला जागाच ठेवली नाही, असं जुने इतिहासकार सांगतात. त्यानंतर काही काळातच बसऱ्याच्या सुभेदाराने त्याला ठार केलं. साक्षीदार, जबाब, निकाल यातलं काहीही त्याच्या वाट्याला आल्याची नोंद नाही.